उजवीकडचा खिसा

प्रिय ताई,

गेले चार महिने तुझ्याशी मनातल्या मनात भांडते आहे. भाषण करायला उभी राहिले की शब्द धावत येतात, हे तू जाणतेसच. पण आज सकाळी तुझ्या शिवणाच्या खोलीत जे पाहिलं, ते कुणापुढे बोलायची हिंमत होत नाही. म्हणून लिहिते आहे. तू वाचशील की नाही, ही शंका मला कालपर्यंत होती. आज नाही.

मरीन परेडचा तुझा फ्लॅट शनिवारी सोडायचा आहे. रेवा सगळं आवरते आहे. तिने तुझी ती चाळीसच्या दशकातली मंडळी, म्हणजे तू हौसेने शिवलेले युद्धकाळच्या धर्तीचे ड्रेस, एका शाळेच्या नाटकवाल्यांना द्यायचं ठरवलं आहे. तुझी लेक तुझ्यासारखीच! डोळ्यांत पाणी येऊ देत नाही, हात मात्र थांबत नाहीत.

काय प्रेम होतं तुझं त्या कपड्यांवर! तेव्हा विलायतेत कापड रेशनच्या कुपनांवर, म्हणून एकेका बटणाचा हिशेब. पुढे तीनच बटणं. चुण्या मोजक्या. खिशाला झाकण नको, बाहीला दुमड नको, अस्तर अर्ध्या पाठीपर्यंतच. स्कर्ट गुडघ्याच्या जरासा खाली येऊन थांबणारा, कारण त्याखाली कापडच नाही. आणि खांदे मात्र चौकोनी, ताठ, शिपायासारखे. पोटात नसलेलं बळ खांद्यावर दिसायला हवं, असं तू म्हणायचीस.

आणि मी काय म्हणाले? आठवतं ना?

आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, भरल्या सभागृहात, तुझ्या त्या ड्रेसांच्या प्रदर्शनासमोर उभी राहून मी गरजले होते. "ज्यांच्या टंचाईची आज आपण फॅशन म्हणून पूजा करतो आहोत, त्यांच्याच राज्यात आपल्या बायकांना अंगभर लुगडं मिळत नव्हतं! आणि या सिंगापूरमध्ये? जपानी अमलात लोकांनी पडद्यांचे आणि गोणपाटाचे कपडे केले! हे कोट गुलामीचे आहेत!" काय टाळ्या पडल्या, ताई! तू तिसऱ्या रांगेत होतीस. तू मात्र टाळी वाजवली नाहीस.

खाली गाडीजवळ तू एवढंच म्हणालीस, "बेबी, साहेब कुठलाही असो, कापड कमी पडलं की कात्री बाईच्याच हातात येते. मी तिची गोष्ट सांगत होते. तुला माईक मिळाला की समोरचं दिसतच नाही."

खरं होतं. म्हणूनच राग आला. त्यानंतर सात महिने मी फोन केला नाही. तू तरी करायचास! मोठी होतीस ना? मग एका दुपारी रेवाचा फोन आला आणि सगळंच संपलं.

आज रेवाने तुझी खोली उघडली. तू गेल्यापासून ती बंदच होती. खिडकीशी तुझा डमी उभा, अंगावर करड्या रंगाचा कोट आणि स्कर्ट. रेवा तिच्या सिंगापुरी ढंगात एकदम म्हणाली, "मावशी, बघ ना, पॉकेट राँग साइडला आहे लाह! आईने अशी मिस्टेक कशी केली?"

वरचा खिसा उजवीकडे! तू, आणि अशी चूक? मला वाटलं, शेवटी तुझे डोळे गेले असतील, हात थरथरले असतील. हा एवढा एक कोट दुरुस्त करून द्यावा, निदान तुझी चूक कुणाला दिसू नये, म्हणून तो डमीवरून काढला. डाव्या खांद्यात एक सुई टोचलेली होती, दोरा ओवलेला. ताई, या समुद्राच्या हवेत सुई आठवड्यात गंजते. ती चार महिन्यांनी लखलखत होती.

खालच्या आल्टरेशनवाल्या आंटीकडे गेले. तू जिच्याकडे काजं करून घ्यायचीस, तीच. तिने कोट हातात घेतला, आतून बघितला आणि माझ्याकडेच रागाने पाहिलं.

"नॉट राँग! टर्न ओव्हर! माझी आई करायची. पुरुषाचा कोट उसवायचा, कापड उलटं करायचं. डावं उजवीकडे जातं. खिसापण जातो, काजंपण जातात. बाईचा कोट तयार! तुझी सिस्टर क्लेव्हर. तू नाही क्लेव्हर."

खरंच की! पुरुषाची काजं डावीकडे, बाईची उजवीकडे. कापड उलटलं की आपोआप जागेवर. विटलेली बाजू आत, कोरी बाजू बाहेर. पँटच्या पायांचा स्कर्ट, गुडघ्याची विरलेली जागा टाळून, म्हणून इतका आखूड. युद्धकाळात सरकारी नियमांनी बनलेल्या विकतच्या 'युटिलिटी' कपड्यांवर असायचा तो सरकारी शिक्का यावर नाही, कारण हा दुकानातला नाहीच. त्या काळच्या एखाद्या बाईने घरी केला असता, तसा.

पण कोणाचा सूट?

अर्ध्या अस्तराखाली विटलेली बाजू दिसत होती. खिशाच्या खाली, आता आत गेलेल्या बाजूला, पेनाच्या शाईचा डाग, बाबांचं ते गळकं पेन! बाबांचा सूट, ताई! तो तू इथपर्यंत आणलास आणि मला सांगितलंही नाहीस?

आंटीने म्हटलं, घालून बघ. मी म्हटलं, हा तिच्या मापाचा असणार, मला कसा येईल? तू काडी, मी पोतं. घातला. बरोबर बसला. बाहेर उकाडा आणि कोट आतून गार, विहिरीच्या काठासारखा. आरशात माझे खांदे सरळ दिसले.

सरळ कसे दिसतील? तू गेल्यावर दोन महिन्यांनी मी पासिर रिसच्या एमआरटी स्टेशनच्या जिन्यावर पडले. गळपट्टीचं हाड मोडलं. तेव्हापासून माझा डावा खांदा उतरला आहे, सगळे ब्लाउज त्या बाजूने घसरतात. तू असताना तो अगदी ठीक होता.

आंटीने अस्तर उचलून डाव्या खांद्यातली गादी दाखवली. जुन्या लोकरीचे तुकडे रचून केलेली, तुझ्या पद्धतीची. त्यावर पेन्सिलीने तुझ्या अक्षरात: "बेबी. डावा. दोन थर जास्त."

आंटीने विचारलं, "तुझा खांदा कधीपासून असा?" मी सांगितलं. तिने कोट हळूच माझ्या अंगावरून काढला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, "पैसे नको. घेऊन जा."

आता घरी आहे. कोट समोरच्या खुर्चीवर आहे. तू मला क्षमा केली होतीस का, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तू तर भांडण चालू असतानाच माझं माप घेऊन बसली होतीस! कुठून घेतलंस ते? आणि कधीचं?

एक गोष्ट आत्ता, लिहिता लिहिता दिसली. या कोटात सगळ्या शिवणी काटकसरीच्या, बोटाएवढंसुद्धा कापड वाया नाही. फक्त उजव्या बाजूला, काखेपासून कमरेपर्यंत, तू दोन इंच माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड, सोडली आहेस आणि शिवण कच्चीच ठेवली आहेस. कोणी पुढे कधी उसवून सैल करेल, अशी. त्या बाजूला माझं काय व्हायचं आहे, ताई?

नको, सांगू नकोस.

मी वचन देते. हा कोट नाटकवाल्यांकडे जाणार नाही. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात, त्याच सभागृहात, हाच घालून उभी राहीन आणि माझं ते वाक्य त्याच आवाजात मागे घेईन. खिसा उजवीकडेच राहील. आणि तू सोडलेल्या त्या दोन इंचांना मी कात्री लावणार नाही. लागतील तेव्हा उसवीन. घाबरणार नाही.

तुझीच,
बेबी