खोडलेल्या नावाची नाही, कोरलेल्या नंबरची तबकडी

चाचा, तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. तुमच्या जुन्या तबकड्यांच्या दुकानात येऊन विचारायची लाज वाटायची, म्हणून गुलमंडीच्या पत्त्यावर लिहून टाकलं होतं की आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीची भीमगीतांची एक एलपी आहे, ती मी लहानपणी पाठ होईस्तोवर ऐकली, आता ती कुठंच मिळत नाही, तर मदत करा. आमची तबकडी उन्हात वाकली होती. वडिलांनी सरळ करायला तिच्यावर लोखंडी पेटी ठेवली आणि ती तडकली. तुमचं उत्तर दोन ओळींचं आलं: तुकडे टाकले नसतील तर घेऊन ये.

तुकडे आईनं ठेवले होते. कोरसमध्ये ती होती आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात दोन ओळी आपण एकटीनं म्हटल्यात, असं ती सांगायची. कव्हरवर मात्र मुख्य गायकाचं नाव आणि खाली ‘व साथीदार’, एवढंच.

तुम्ही लेबल असलेला तुकडा दारात नेऊन उजेडाकडं तिरपा धरलात. गाण्याच्या रेघा संपतात आणि लेबल सुरू होतं, त्यामधल्या कोऱ्या पट्टीवर सुईनं ओरखडल्यासारखे बारीक आकडे होते. भिंगातून ते वाचून तुम्ही मला लिहून घ्यायला लावलेत. “लेबल कू मत देख बेटा,” तुम्ही म्हणालात, “लेबल कोई भी बदलता. साचा वहीच रहा तो ये नंबर नहीं बदलता.” मुंबईच्या चार व्यापाऱ्यांना तुम्ही पोस्टकार्डं टाकलीत. अशी छोटी तबकडी थोड्याच प्रतींची निघते, संपली की संपली, असं एकानं कळवलं. बाकीचे गप्प राहिले. मग तुम्ही हे जग सोडून गेलात आणि दुकानही गेलं.

पुढं मोबाइल आल्यावर मी पुन्हा शोधायला लागले, पण नावानं. नाव टाकायचं, कव्हरचे फोटो बघायचे, बंद करायचं. तुमचं सांगणं माझ्या लक्षातच राहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी आईचं स्वरयंत्र काढावं लागलं. आजार गेला, आवाजही गेला. तिचं बोलणं कुणीच कधी टेप केलेलं नव्हतं. आता ती पाटीवर लिहून बोलते. माझी नात तिला पाटीवाली आजी म्हणते.

गेल्या महिन्यात कळलं की तुमच्या दुकानातला उरलेला माल फुलंब्रीच्या एका निवृत्त मास्तरांनी घेतला होता. मी फोन केला, नाव सांगितलं. “नाय बाई, या नावाची नाय माझ्याकडं,” ते म्हणाले. फोन ठेवता ठेवता तुमचा तो दारातला उजेड आठवला. म्हटलं, सर, भीमगीतांच्या जेवढ्या असतील तेवढ्यांच्या कोऱ्या पट्टीवरचे नंबर वाचून दाखवता का? जुन्या वहीत लिहून ठेवलेला आमचा नंबरही सांगितला. त्यांनी दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. “नंबर जुळतोय. पण नाव येगळंच हाय, कव्हरवर फोटोबी दुसऱ्याच गायकाचा.” दुसऱ्या कुणीतरी तोच साचा घेऊन नव्या नावानं तबकडी काढली होती. इतकी वर्षं ती माझ्यासमोरूनही गेली असेल.

रविवारी मी फुलंब्रीला गेले. मास्तरांनी कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला आणि लेबल ओलं होऊ न देता मऊ कापडानं रेघांच्या दिशेनं, गोल गोल, धूळ काढली. मग ती उभी ठेवून वाळवली. वाळेपर्यंत आम्ही चहा घेतला. माझा अर्धा तसाच राहिला. सुई टेकली तर पहिल्या बाजूचं लेबल असून दुसऱ्या बाजूची गाणी वाजायला लागली. लेबलं उलटी चिकटवली होती. “तुमचे चाचा हसले असते,” मास्तर म्हणाले. शेवटच्या गाण्यात ढोलकी थांबली आणि एक कोवळा, थोडा घाईतला आवाज पुढं आला. दोनच ओळी. मास्तरांनी न विचारता सुई परत मागं नेली.

संध्याकाळी मास्तरांकडून तबकडी आणि ती वाजवायचं मशीनही मागून आणलं आणि आईपुढं लावलं. ती बोटांनी मांडीवर ठेका धरून होती. त्या दोन ओळी आल्या तशी तिची बोटं थांबली. नात म्हणाली, “कोण गातंय?” आईनं पाटी ओढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘मी’. मग पुसून लिहिलं, ‘श्वास कमी पडला होता. परत लाव.’ त्या दिवशी आम्ही ते गाणं किती वेळा ऐकलं कोण जाणे. मला दोन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

चाचा, तुम्ही मला एकदा विचारलं होतं की एवढी कशाला पाहिजे ही तबकडी, आणि मी म्हणाले होते, गाणी आवडतात म्हणून. ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं; त्या दोन ओळी खरंच आईच्या आहेत का, ही शंकाही होती. नंबर जुळला तरी मी आईला चार दिवस काही सांगितलं नाही. आधी एकटीच जाऊन ऐकून आले. त्या ओळींत दुसऱ्याच कुणाचा आवाज निघाला असता, तर तबकडी तिथंच ठेवून आले असते आणि मिळाली नाही म्हणून सांगितलं असतं. आईला हे माहीत नाही. तुम्हाला लिहिलं, कारण हे पत्र घेऊन जाणारा पोस्टमन नाही.