चुन्याच्या भिंतींचा उजेड

अप्पा, उमरग्याच्या आपल्या भुसार दुकानात तुम्ही ज्वारी मापत बसला आहात आणि मी तुम्हाला पडद्यावर पाहतो आहे. मी सिनेमा शिकवतो त्या मुलांनी आपली जुनी फिल्म आज पुन्हा लावायला लावली.

मुंबईत स्टुडिओत पडेल ते काम करत असताना मी इटलीतले सिनेमे पाहिले. युद्धात तिकडचे स्टुडिओ मोडले, फिल्म मिळेनाशी झाली, तेव्हा त्या लोकांनी खऱ्या गल्ल्यांत, खऱ्या घरांत, रस्त्यावरच्या माणसांनाच घेऊन सिनेमे केले. म्हटलं, हे आपल्यालाही जमेल! नट तुम्ही, सेट आपलं दुकान, गोष्ट शहरातून येणाऱ्या मुलाची वाट पाहणाऱ्या बापाची. कॅमेरा मित्राकडून आठवड्याच्या बोलीवर आणलेला, रिळं मोजकी. हे हुकलं असतं तर माझ्या हाती पुन्हा कोणी कॅमेरा दिला नसता.

"काही बदलू नका," असं मी कळवलं होतं. येऊन पाहतो तर धुरकट दुकान चुन्यानं पांढरंफेक! तुम्ही नव्या फेट्यात. मी कपाळावर हात मारला.

"अप्पा, सगळं घालवलंत!"

"पोरगं मुंबईवरनं येतंय, अन् काळ्या भिंती दावू व्हय त्याला?" तुम्ही तडकलात. "तुझ्या गोष्टीतल्या बापाला काय हौस हाय का न्हाय?"

मला हसू फुटलं आणि रडूही. मी लिहिलेला बाप नुसता बसून वाट पाहत होता! मागची भिंत रंगवायची राहिली होती. सिनेमा तुम्ही ती रंगवताय इथूनच सुरू केला. आणि गंमत पाहा, दुकानात वीज नव्हती, पण दारातलं ऊन त्या पांढऱ्या भिंतींवरून तुमच्या चेहऱ्यावर येत होतं. काळ्या भिंतींनी ते गिळलं असतं.

मी 'अ‍ॅक्शन' म्हटलं की तुम्ही फोटोला बसल्यासारखे ताठ व्हायचात. मग मी ते म्हणणंच सोडलं. खरं गिऱ्हाईक आलं, तुमचे हात मापाला लागले, की गुपचूप कॅमेरा सुरू करायचो. "अप्पा, आज माप भरून घाला, समदी दुनिया बघणार हाय," असं एक बाई म्हणाली आणि तुम्ही जे हसलात, ते अजून तसंच आहे.

कॅमेरा फार घरघरायचा, म्हणून आवाज मागाहून भरायचा होता. इटलीतही तसंच करत. त्यासाठी तुम्ही मुंबईला येणार होतात, त्याआधीच गेलात. तुमचं बोलणं मीच म्हटलं, ओठांच्या हालचालीला जुळवत, पुन्हा पुन्हा. आई म्हणाली, "त्येंचाच आवाज हाय."

आता ही मुलं आपापल्या गावी, आपल्याच माणसांना घेऊन फिल्म करायला निघालीत. मला फार आनंद झाला आहे. त्यांना मी एकच बजावलं, आवाज तिथल्या तिथं धरून ठेवा. का, ते सांगितलं नाही. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो: तुमचा आवाज आठवायला गेलो की मला आता माझाच ऐकू येतो.