विहिरीकडचा तुकडा

आबा, हे लिहायचं मी फार टाळलं. भावांना पत्र टाकलं तेव्हाच तुम्हांलाही लिहिणार होते, पण तेवढ्यात साक्रीचं काम सुटलं आणि गाठोडं घेऊन भुसावळला आले. इथे रेल्वेच्या चाळीत ब्लाउज शिवते. चाळीत पाणी सकाळीच येतं, मग नळावर भांडणं, ती ऐकण्यात माझा अर्धा दिवस जातो. असू दे. सांगायचं दुसरंच होतं.

आई गेली आणि भावांनी वाटणी काढली. दोघांतच. तुम्ही जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी वाहून पारोळ्याकडची ती जमीन घेतलीत. तुम्ही गेलात तेव्हा मी लहान, त्यात मुलगी, म्हणून तलाठ्याने वारस नोंद करताना भावांची नावं सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून लावली आणि माझं खाली ‘इतर हक्कां’त, पाहुण्याला ओट्यावर बसवावं तसं. आता तहसीलदारापुढे वाटणी करायची तर माझी संमती लागते. म्हणून मोठा भाऊ साडी घेऊन साक्रीला आला होता.

‘‘हक्कसोडवर सही करी दे. माहेर तुनंच शे.’’

‘‘माहेर माझं, मग जमीन कोणाची?’’

‘‘तू एक गावले टिकत नही. जमीन ली सन काय करशी? पिशवीमा भरशी?’’

मला हसू आलं, आबा, खरंच. पण सही नाही केली. साडी मात्र ठेवून घेतली, रंग चांगला होता. ती नेसून इथे दोनदा हळदीकुंकवाला जाऊन आले.

मग धुळ्याला एका वकीलबाईंकडे गेले. आधी मला वाटायचं, मुलींचा तो नवा कायदा निघालाय त्याच्यावर सगळं अवलंबून आहे. त्या म्हणाल्या, तो वडिलोपार्जित जमिनीचा. ही तुमच्या वडिलांनी स्वतः घेतलेली, मृत्युपत्र नाही, तर जुन्याच कायद्याने मुलगा-मुलगी सारखे, लग्न होवो न होवो. आईचा हिस्साही तसाच तिघांत. मग मी भावांना लिहिलं: माझं नाव वर कब्जेदारांत घ्या, तीन सारखे भाग पाडा. नुसते मापाने सारखे नकोत, सरस-निरस बघून पाडा. काळ्या जमिनीचा भाग लहान, खडकाळ मुरमाचा मोठा. विहीर सामाईक राहू द्या, पाण्याची पाळी तिघांना. हे जमलं तर कोर्ट नको. न जमलं तर दावा लावीन.

किती शहाणं पत्र, नाही? वकीलबाईंनी शाबासकी दिली. त्यांना काय ठाऊक, लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे काय होतं.

ती विहीर होती. तुम्ही धाकट्या भावाच्या कमरेला रिकामा डबा बांधून त्याला पाण्यात सोडताय. मी काठावर भाकरीचं फडकं धरून उभी आहे. मी म्हणते, आबा, मलाही. तुम्ही म्हणता, ‘‘तू भाकर सांभाळ, बाई.’’ तो हातपाय मारतो, तुम्ही हसता, तुमचं हसणं विहिरीत घुमून दुप्पट मोठं होऊन वर येतं. मला अजून पोहता येत नाही. त्याच दिवशी तुम्ही त्याला सांगितलंत, ‘‘भाग मोठा पाडी, पहिले धाकला उचली.’’ आपल्याकडची रीतच ती. मोठ्याने भाग पाडायचे, धाकट्याने आधी निवडायचं, म्हणजे पाडणारा लबाडी करत नाही. धाकट्याने तेव्हापासून विहिरीकडचा तुकडा आपलाच धरला. तिथे लिंबं लावली, बायकोला ती दाखवायला नेलं.

इथला पत्ता भावांना कळवला होता; मोठ्या भावाचं उत्तर परवा आलं. तीन भाग पाडायला तो तयार आहे, नाव वर घ्यायलाही. शेवटी लिहिलंय: ‘सर्वांत धाकटी तू. रीतीप्रमाणे आधी तू उचल.’

हे तोवर तिघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. भावांनी मला कधी मोजलंच नव्हतं, आणि मी कायदा मोजत बसले होते. तुम्हीही त्याला ‘धाकला’ म्हणालात तेव्हा मी शेजारीच उभी होते.

आबा, सारखा वाटा मागितला तो खरा हक्काचा, त्याची लाज नाही. पण विहिरीकडचा तुकडा मला कसायला नको आहे. तो धाकट्याला मिळू नये, एवढ्यासाठी हवाय. परवापासून मशीन चालवताना मी तो मनातल्या मनात उचलते. लिंबं त्याची आहेत हे आठवतं, आणि तरी उचलते. हे कुणाला बोलले नाही. हे पत्रही टाकणार कुठे?

थांबा, खालून कुणी हाक मारतंय. खिडकीतून पाहिलं. धाकटाच आहे, आबा. तो कधी माझ्याकडे आला नव्हता, मी कुठेही राहात असताना. हातात लिंबांची पिशवी, घामाने भिजलाय. ‘‘दार उघाड वं,’’ म्हणतोय, आणि मी अजून उठलेली नाही.