माझा फोन, माझा अंगठा

प्रिय भूपेंद्र,

धुळ्यात ऊन कडक असेल. अक्षय्यतृतीया जवळ आली, इथे मेहरूणला आखाजीचा झोका बांधून झालाय. माझ्या मैत्रिणीने, सुनिताने दोर आणला, बादल झाडावर चढला.

गेल्या आखाजीला आपला साखरपुडा नवा होता. बादलने माझा झोका उंच नेला, तेव्हा तुझं तोंड उतरलं. नंतर तू बाजूला घेऊन म्हणालास, हेमे, मला जळजळ झाली. मी सांगितलं, शेजारचा आहे, लहानपणापासूनचा. तू हसलास आणि त्याच्याच ताटातला आंबा उचललास. त्या दिवशी मी तुझ्यावर दुप्पट भाळले. जळते तर मीही. तुझ्या ओळखीतली ती डिंपल तुझ्या गाडीवर बसली तेव्हा मी दोन घास जेवले नव्हते. पण विचारलं, तू सांगितलंस, विषय संपला.

तुझा मात्र संपेना. आधी माझ्या फोनमध्ये तुझा अंगठा नोंदवलास. मग माझं व्हॉट्सॲप तुझ्या लॅपटॉपवर जोडलंस. मग दिवसभर लोकेशन चालू. बादलचा नंबर काढायला लावलास, मी काढला. तर सुनिता तुला बिघडवते म्हणालास. उत्तर दिलं की नवा प्रश्न तयार. सराफाच्या दुकानात कामावर असताना, गिऱ्हाईकाला पाटल्या दाखवताना फोन उचलला नाही, तर काउंटरचा फोटो मागायचास. सरांशी भांडून कॉलेज अर्ध्यावर सोडणारी मी, तू मागायच्या आधीच स्क्रीनशॉट पाठवायला लागले. मैत्रिणींना हसण्याचे इमोजीसुद्धा जपून टाकायचे. तुझा फोन मागितला, तर म्हणालास, बाप्या माणसाचं वेगळं असतं.

म्हणून तू पासवर्ड मागितलास, तेव्हा मी एकदा नाही म्हणून पाहिलं. तुला वाईट वाटलं असतं, तर मी रात्रभर समजूत काढली असती. तू म्हणालास, बादलचे मेसेज तुझ्या आबांना दाखवतो. मग तुझा अबोला, मग तुझंच रडणं, मग माझ्यासाठी नवा ड्रेस, आणि ड्रेससोबत पुन्हा पासवर्डची मागणी.

मेसेज मीच आबांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि म्हणाले, “यामा काय शे? पोरे हासतस.” त्यांना त्यात नुसतं पोरांचं हसणं दिसलं. मग फोन माझ्याकडे सरकवून म्हणाले, तुझी वस्तू तू सांभाळ. आमच्या घरात पोरीला असं कुणी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तुझा अंगठा काढला, तुझ्या लॅपटॉपची जोडणी तोडली, बादलचा नंबर परत घातला.

कागदावर का लिहितेय विचारशील. फोनवर माझं प्रत्येक वाक्य तिकडे तू वाचत बसायचास. हे एक तरी मला पुरतं लिहायचं होतं. पत्र घेऊन आबा स्वतः येतील, सोबत तुझी अंगठीही. तुझ्यावरचा जीव अजून गेलेला नाही, तो जाईल तेव्हा जाईल. पण आखाजीला येऊ नकोस. यंदा झोका उंच जाणार आहे आणि मला खाली कुणाचं तोंड बघायचं नाही.

तुझ्यासाठी झुरणारी, तरीही ताठ,
हेमलता