‘तरीही’चा जाब

बुधवार, ४ जून
सकाळी अकरा

चिरंजीव लंब्यास,
ताईचे आशीर्वाद.

मंगळवार, २७ मे, दुपारी एक वाजून बावन्न मिनिटं. ही वेळ मी पाठ केलेली नाही, तुझ्या संदेशाखाली ती छापून आलेली आहे. त्या मिनिटाला तू आपल्या कुटुंबाच्या गटावर, त्रेचाळीस माणसांसमोर, स्वतःच्या मुलीचा फोटो टाकलास आणि त्याच्याखाली एक ओळ. त्या ओळीबद्दल हे पत्र आहे. फोनवर तू “हं, हं” करतोस आणि मी एकटीच बोलत सुटते, म्हणून कागद घेतला.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा आहे तसाच आहे. तुझ्या लेकीला, टिकलीला, माझ्याकडे येऊन आज आठ दिवस झाले. जेवते, झोपते, भांडी घासते, विचारलं तर उत्तर देते. गुणी पाहुणी असते तशी वागते. तुझी बायको रोज संध्याकाळी येऊन तासभर बसते आणि जाताना दारात म्हणते, “चल ना गं घरी.” टिकली म्हणते, “उद्या बघू.” तो उद्या काही उजाडत नाही.

आता मुद्द्यावर येते.

पहिली गोष्ट, ती चौकट. फलक रंगवणाऱ्या माणसाला कुठे थांबायचं ते कळायला हवं. मुलीच्या फोटोभोवती एवढी फुलं, की एखाद्याला वाटावं पोरगी गेली की काय! ‘६१.३३ टक्के’ हा आकडा तिच्या कपाळापेक्षा मोठा, वर लाल रंगात. दुकानाच्या पाटीवर फोन नंबर लिहितात तसा. दुसरी गोष्ट, तिला विचारलं नाहीस. निकाल तिचा, तोंड तिचं, आणि मथळा तुझा? आणि तिसरी गोष्ट ती ओळ:

‘बारावीत ६१.३३ टक्के. तरीही आम्हांला तुझा अभिमान आहे.’

तरीही!

लंब्या, त्या दिवशी दुपारी काय घडलं ते तुला नीट माहीत नाही. तू दुकानात होतास. मी तुझ्या घरी होते, म्हणून मी सांगते. एक वाजता निकाल लागणार होता. एकला पाच कमी असल्यापासून पोरगी मोबाइल घेऊन खिडकीशी उभी होती, कारण रेंज तिथेच येते. बैठक क्रमांक टाकला, आईचं नाव टाकलं, चक्र फिरत राहिलं. पान उघडेना. पुन्हा टाकलं. आईच्या नावातलं एक अक्षर चुकलं, तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं आलं आणि ती मटकन खालीच बसली. मी म्हटलं, “अगं, बोर्डाने तुझ्या आईलाच नापास केलंय. तू उठ.” तेव्हा ती हसली. एक वाजून एकवीस मिनिटांनी पान उघडलं.

तिने बेरीज पाहिली नाही, टक्के पाहिले नाहीत. बोट थेट गणितावर. एक्केचाळीस.

“आत्या, एक्केचाळीस! आत्या, मी गणितात सुटले!” असं ओरडून तिने मला गच्च धरलं. माझा चष्मा खाली पडला. सहाशेपैकी तीनशे अडुसष्ट. ज्या मुलीने सराव परीक्षेत गणितात एकोणीस आणले होते, जी जानेवारीपासून पहाटे उठून एकच प्रकरण चार-चार वेळा गिरवत होती, तिला एक्केचाळीस म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. ती खूश होती. ऐकतोस का? ती मनापासून खूश होती. तिला सांत्वन नको होतं.

आणि तिने स्वतः मथळा लिहिला होता. मला दाखवला. तिच्या मैत्रिणीला त्र्याण्णव टक्के मिळाले. दोघींचा शाळेच्या जिन्यावरचा एक फोटो आहे, त्याच्याखाली टाकणार होती:

‘हिचे ९३, माझे ६१. आज टाळ्या हिच्यासाठी, आणि वाजवणारे हात माझे. हात दुखेपर्यंत वाजवणार आहे.’

मी तेहेतीस वर्षं कचेरीत दुसऱ्यांचे मसुदे तपासले. साहेबांची पत्रं, निरोपाची भाषणं, शोकसंदेश. इतकं नीटस लिहिलेलं मी क्वचित पाहिलं. रडगाणं नाही, बढाई नाही, स्वतःचा आकडा लपवलेला नाही. दुसरीच्या आनंदाला जागा करून दिलेली आहे आणि स्वतःही ताठ उभी आहे. मी फक्त म्हटलं, “छान आहे. टाक.” ती म्हणाली, “तिला आधी विचारते, तिचा आकडा टाकू का. तिला आवडायला पाहिजे.” अठरा वर्षांच्या पोरीला हे सुचलं.

मैत्रिणीचं उत्तर यायला वेळ लागला. तिच्याकडे फोनांची रीघ असणार. तेवढ्यात तुझी फुलं आली.

पुढचं तू वाचलंच असशील. काका: ‘खचू नकोस बेटा.’ मामी: ‘गुण म्हणजे सगळं आयुष्य नाही.’ तो बँकेतला चुलतभाऊ, ज्याला स्वतःला दोनदा बसावं लागलं होतं: ‘अपयश ही यशाची पहिली पायरी.’ अपयश! ‘पेपर पुन्हा तपासायला द्या, कधीकधी वाढतात.’ एकोणतीस माणसं सांत्वनाला आली, आणि का येणार नाहीत? घरच्यांनीच सुतक जाहीर केलं होतं. ‘तरीही’ म्हटल्यावर लोकांनी दुसरं काय समजायचं?

टिकली खोलीतून बाहेर येऊन मला म्हणाली, “आत्या, मी पास झाले ना? मग ‘तरीही’ कशाला?”

मी म्हटलं, “तू तुझा फोटो टाक.” ती म्हणाली, “आता टाकला तर लोक म्हणतील, तोंड लपवायला टाकलाय.” बरोबर होतं तिचं. त्या ओळीनंतर तिचे शब्द तेच राहिले असते, पण अर्थ बदलला असता. तिने तो मजकूर पुसला. मी बघत होते.

दोन वाजून सात मिनिटांपर्यंत ती ओळ बदलता आली असती. पाठवल्यापासून पंधरा मिनिटं मुभा असते, हे मला नंतर टिकलीनेच सांगितलं. त्यानंतर फक्त पुसता येतं, आणि पुसलं की ‘हा संदेश काढून टाकला आहे’ अशी पाटी तिथे उभी राहते. ती तर आणखी वाईट. म्हणून ते अजून तिथेच आहे.

इथपर्यंत लिहून मी उठले. चहा केला, प्यायले, कप धुतला. पुन्हा बसले. एवढा वेळ मी तुला झोडपते आहे आणि तू नेहमीसारखा मान खाली घालून वाचत असशील. वाचताना एकदा तरी तुझ्या मनात आलं असेल, ‘ताई आता सांगेल.’

तर सांगते.

त्या दवाखान्याच्या पाटीपासून तू माझ्या तपासणीशिवाय एक अक्षर रंगवत नाहीस. ‘रुग्णांची गैरसोय केली जाईल’ असं तू तीन फुटी अक्षरांत लिहून आलास, आणि डॉक्टरांनी आठवडाभर ते लक्षात आणून दिलं नाही, कारण येणारे हसत येत होते. तेव्हापासूनचा नेम: मजकूर मला पाठवायचा, मी दुरुस्त करून धाडायचा, तू अक्षरन् अक्षर तसंच उतरवायचं. तू अक्षरं आखतोस, वाचत नाहीस. आकार बरोबर आला की झालं. सतरा वर्षं हे चाललंय, आणि मला त्याचा गर्व आहे.

२७ मेला एक वाजून अडतीस मिनिटांनी तू मला मजकूर पाठवलास. मी तुझ्याच स्वयंपाकघरात होते, हात ओले होते. तू लिहिलं होतंस: ‘बारावीत ६१.३३ टक्के. आम्हाला तुजा अभीमान आहे.’

मी ‘तुजा’ सुधारलं. ‘अभीमान’ सुधारलं. ‘आम्हाला’वर अनुस्वार दिला. आणि मग मला वाटलं, ही दोन वाक्यं सुटी सुटी पडली आहेत. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर म्हणायच्या, दोन वाक्यांमधलं नातं दाखवत नाही तो माणूस आळशी. पट्टीने बोटांवर मारायच्या. मी नातं दाखवलं. एक शब्द घातला आणि पाठवून दिला, आणि हात पुसले. पाव तासापूर्वी जी पोरगी माझ्या गळ्यात पडून नाचली होती, तिच्या गुणांपुढे मी ‘तरीही’ लिहिलं. व्याकरण म्हणून लिहिलं असं मी आठ दिवस स्वतःला सांगते आहे. पण ‘म्हणून’सुद्धा चाललं असतं, लंब्या. ‘आणि’ चाललं असतं. मला ‘तरीही’च सुचलं.

तुझ्या दोन वाक्यांत काहीच चूक नव्हती.

आणि एवढ्यावर भागलं नाही. त्या संध्याकाळी टिकली माझ्याबरोबर माझ्या घरी आली आणि तिने विचारलं, “बाबांना हा शब्द सुचणारच नाही. ते ‘तरीपण’ म्हणतात. त्यांना कोणी सांगितलं?” मी म्हटलं, “बापालाच विचार.” मला वाटलं, तू सांगशील, आणि माझी सुटका होईल. तिने फोन लावला, आवाज मोठा ठेवला. मी ओट्याशी उभी होते, हे तुला ठाऊक होतं. सुरुवातीला मीच ‘हॅलो’ म्हटलं होतं. ती म्हणाली, “बाबा, ते ‘तरीही’ कोणी लिहिलं?”

तुझं उत्तर नीट ऐकू यावं म्हणून मी गॅस बारीक केला.

तू म्हणालास, “मीच की. दुसरं कोण लिहिणार?”

तिने फोन ठेवला. त्यानंतर ती तुझ्याशी बोललेली नाही. आणि मी पुढे होऊन बोलले नाही. कढईत काहीतरी ढवळत राहिले.

काल तिने प्रवेशाचा अर्ज माझ्यासमोर ठेवला. दुसऱ्या गावचं कॉलेज, राहायची सोय तिथेच. रविवारी सकाळच्या गाडीने निघायचं म्हणते. ‘पालकाची सही’ या जागेवर तिने पेन्सिलीने बारीक फुली केली होती. “आत्या, इथे तू कर,” म्हणाली. “बाबांना कशाला त्रास.” मी चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा डोळ्यांवर होता. तिने तो पाहिला, आणि अर्ज उचलून आत नेला.

ती सही माझी नाही. ती तुझी जागा आहे आणि मी तुला तिथून हुसकलं आहे.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला मी तिला सगळं सांगणार आहे. आज का नाही, असं विचारशील. कारण एकदा तिला कळलं की घरात रडारड होईल, तू नेहमीसारखा “जाऊ दे ना ताई” म्हणशील, आणि मला खरं उत्तर कधीच मिळणार नाही. ते मला आधी हवं आहे. मोठ्या बहिणीचं तोंड राखायला तू लेक गमावायला तयार झालास, हा कुठला शहाणपणा? कोणी सांगितलं होतं तुला? माझी कीव आली म्हणून गप्प राहिलास, की बावन्न वर्षांचा होऊनही मला घाबरतोस म्हणून? की तुला त्या शब्दात काही वावगं वाटलंच नव्हतं? या तिन्हींपैकी एक असणार. कोणतं, ते मला कळलं पाहिजे. मी तुझ्यावर रागावले आहे, लंब्या. इतकी रागावले आहे की गेले आठ दिवस तुझ्या घरावरून न जाता लांबून फिरून बाजाराला जाते.

कळावे. लोभ असावा, असं या वेळी लिहीत नाही. तेवढा हक्क उरला आहे का, तेही तूच ठरव.

शनिवार, ७ जून, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर पाहिजे. फोन चालणार नाही, निरोप चालणार नाही. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत. कितीही चुका होऊ देत. मी एकही सुधारणार नाही.

तुझी,
ताई