उलटं बसलेलं रबर

तात्या,

तीर्थरूप लिहायचा हक्क मी घालवलाय, म्हणून नुसतं तात्या.

तुमाला जाऊन वर्ष झालं. आज सकाळी तुमच्या सुहासनं आपल्या जुन्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. तीच तुमची बावीस इंची काळी सायकल, चाक धरणारा पुढचा वाकलेला चिमटा सरळ करून, परत रंगवून उभी केलेली. खाली लिहिलंय, बाबांच्या फोटोत होती अगदी तशीच जोडलीय, रविवारी गावात, वरकुट्यात चालवणार. त्यानं विचारलं काय न्हाय. सगळ्यांनी अंगठे दिले. मी फोटो दोन बोटांनी मोठा केला, तर पुढच्या ब्रेकचे रबर उलटे. तुमच्या फोटोत होते तसेच!

व्हय तात्या. मला तवाच दिसलं होतं.

तुमच्या इंदापूरच्या दुकानात तुमीच शिकवलेलं. रॉडच्या ब्रेकला रबर लोखंडी वाटीत सरकवायचं. वाटीचं एक तोंड बंद, एक उघडं. पुढच्या चाकाला बंद तोंड पुढच्या अंगाला पायजे. ब्रेक दाबला की फिरती रिंग रबराला पुढं ओढती आणि बंद तोंड त्याला अडवून धरतं. उलटं बसवलं तर रबर वाटीतनं निसटतं. पोरगं असताना मी एकदा चुकलो, तर तुमी माझ्याकडनं ते काम दिवसभर काढघाल करून घेतलं होतं. मग तुमीच कसे चुकलात?

आणि मी गप का बसलो, ते ऐका आता. दुसऱ्या मिस्त्रीनं केलेल्या चाकाला एकदा मी गिऱ्हाईकासमोर नाव ठेवलं. तुमी भर दुकानात कानफटात दिली. "त्यांनी विचारलंय का तुला? विचारल्याबिगर दुसऱ्याच्या कामावर बोलायचं न्हाय." गिऱ्हाईक हसलं. ते हसणं मी बारामतीला स्वतःचं दुकान टाकलं तरी इसरलो न्हाय.

तुमी तुमच्या सायकलीचा फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा कायच विचारलं नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, तीन महिने खपून केली. खरंच खपला होता. सांगाडा खरवडून रंग दिलेला, नवे छर्रे घातलेले, चाकाचा आउट, म्हंजे वाकडेपणा, काढलेला, मडगार्डवर सोनेरी रेघ. आणि एवढ्या सगळ्यात रबर उलटं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. उस्तादाचीपण चुकती की! चार दिवसांत त्यांचं त्यांना कळंल, मग ओशाळतील, असं मनात आलं. आणि मी लिहिलं, "एक नंबर, तात्या! हात अजून तसाच हाय."

कालव्याच्या पुलाचा उतार तुमी तिसऱ्या दिवशी उतरलात.

लोक म्हणाले कुत्रं आडवं आलं, वय झालं होतं. मी तिथं गेलो तर कडंच्या गवतात एक रबर पडलेलं, नवं कोरं, नीट झिजलेलंपण न्हाय. रबर गेल्यावर मोकळी वाटी तारांत शिरली, चाक जागच्या जागी थांबलं आणि तुमी पुढं फेकला गेलात. मी रबर उचललं, खिशात घातलं आणि कुणाला बोललो न्हाय.

दहाव्याला काकू मला जवळ बसवून काय म्हणाल्या, ठावं हाय? "त्यांना बारीक दिसतच नव्हतं रे दत्ता. कुणाला सांगू देत नव्हते. तुझा मेसेज मीच त्यांना वाचून दाखवला. म्हणाले, दत्तानं बघितलंय, आता काळजी न्हाय."

तात्या, डोळे गेलेत एवढं तरी सांगायचं होतं! विचारायचं नव्हतं, म्हणून फोटो टाकला होता व्हय? मी बघावा म्हणून? माझ्यावर एवढा भरवसा होता, तर त्या दिवशी गिऱ्हाईकासमोर मारलं कशाला?

हे विचारायला तुमी न्हाय, म्हणून मी असं बोलतोय.

आज सुहासला लगीच फोन केला. रबर फिरवून घे, तोवर सायकलीवर बसू नकोस म्हणून सांगितलं. त्यानं फोन चालू असतानाच पाना घेतला, फिरवले, फोटो पाठवला. आता बरोबर हायत. मग त्यानं विचारलं, "दत्ताकाका, बाबांच्या फोटोत तुम्हाला हे दिसलं नव्हतं का?"

पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, तात्या. वर्षात पहिल्यांदा. आणि मी न्हाय म्हणालो.

"तेच म्हटलं," सुहास म्हणाला. "तुम्हाला दिसलं असतं तर तुम्ही सांगितलंच असतं."

रविवारी मी वरकुट्याला येतोय. ते रबर अजून माझ्या गल्ल्यात हाय, ते काकूंच्या हातावर ठेवीन, आणि सुहासनं विचारलं त्याचं खरं उत्तर दोघांसमोर देईन. मग काकूंनी दारात उभं केलं न्हाय तरी चालंल. पण आता कुणाच्या विचारण्याची वाट बघणार न्हाय, एवढा शब्द घ्या.

तुमच्या हाताखालचा,
दत्ता