मेत्ता: चौथ्याची पाळी

२ जून, सकाळी ६.१०
आजपासून मेत्ता. पण शास्त्रशुद्ध. रविवारी वंदनेच्या हॉलमध्ये चाळीस जण ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’, सगळे जीव सुखी होवोत, असं घडाघडा म्हणतात आणि बाहेर आल्यावर चपलांवरून भांडतात. कारण पुस्तिकेत मेत्ता म्हणजे ‘प्रेम’ असं छापलंय. चूक! मूळ शब्द मित्त, म्हणजे मित्र. बदल्यात काही न मागता दुसऱ्याचं भलं चिंतणं. तीस वर्षं प्रुफं तपासली आहेत, असली चूक डोळ्यांत खुपते. नवे शब्दार्थ मीच लिहून देणार.

अट्ठकथेतला, म्हणजे जुन्या पाली भाष्यातला, क्रम पक्का: आधी स्वतः, मग जवळचा, मग ज्याच्याशी घेणं ना देणं असा, शेवटी वैरी. वैरी म्हणून दादाला घेतलं. आईच्या अंत्यविधीला त्याने माझी वाट पाहिली नाही. मी फक्त एक दिवस उशिरा पोचलो होतो. अकरा वर्षं झाली.

९ जून
स्वतःवरची मेत्ता उत्तम. ‘अहं अवेरो होमि’, माझ्या मनात वैर नसो. आठ दिवसांत स्वतःबद्दल एकही तक्रार उरली नाही.

१० जून
बायको ‘जवळची’ म्हणून चालत नाही. सुरुवातीला तिथे आसक्ती उपजते आणि आसक्ती हीच मेत्तेची जवळची शत्रू, मेत्तेसारखीच दिसणारी. द्वेष लांबचा शत्रू, तो लगेच ओळखू येतो. हिला समजावून सांगितलं. इतक्या वर्षांत नाही उपजली ती आता कुठून उपजणार, म्हणाली. शेवटी शाळेतल्या मास्तरांना घेतलं.

१४ जून
वहिनीचा फोन. दादाची फुप्फुसं गेली, घरीच ऑक्सिजनवर आहे. भावजी, लवकर या, ते वंदना तुमच्याच तोंडून ऐकायची म्हणतात, असं म्हणाली. फार दुःखात आहेत, असंही. मी सांगितलं, दुक्ख म्हणजे नुसतं दुखणं नव्हे. तीन प्रकार आहेत: दुखतं ते एक, सुख बदलतं, हातचं जातं ते दुसरं, आणि जोडून बनलेली कुठलीच गोष्ट टिकत नाही, ते तिसरं. तिसरं समजावत असताना फोन कट झाला. रेंज नसावी.

जाणार आहेच. पण क्रम मोडून नाही. वैऱ्यापासून सुरुवात केली तर मन संतापतं, असं स्पष्ट लिहिलंय.

१५ जून
तटस्थ माणूस: इस्त्रीवाला. ना प्रेम, ना राग. उत्तम निवड.

१९ जून
इस्त्रीवाल्याने पांढरा शर्ट जाळला. वर माझंच कापड हलकं म्हणतो. आता तो तटस्थ राहिला नाही. नवीन शोधणे. चार दिवस पाण्यात.

२२ जून, दुपार
पुतणी आली. डोळे सुजलेले. दुक्खावरचं माझं टिपण तिच्या हातात दिलं, ते तिने तिथल्या तिथे फोनवरून दादाला वाचून दाखवलं. त्यात होतं की काहींच्या मते दु म्हणजे वाईट आणि ख म्हणजे छिद्र, चाकातलं आसाचं भोक. दादाचा जन्म लेथवर गेला. त्याचा निरोप तिने सांगितला: भोक नीट बसलं नाही तरी गाडी चालते, पण प्रत्येक फेरीला खडखडते. आपण दोघं अकरा वर्षं तसेच चाललोय. ये म्हणावं.
ही व्युत्पत्ती वादग्रस्त आहे, असं कळवलं.

२३ जून
दिवसभर ते खडखडणं डोक्यात. वादग्रस्तच आहे ती.

२५ जून
मनात दादाविषयी काहीच उठत नाही. ही उपेक्खा! समतोल मन; मेत्ता, करुणा, मुदिता यांच्या पुढची चौथी पायरी एकदम गाठली. हिला सांगितलं. तिने माझंच टिपण पुढे सरकवलं. उपेक्खेचा जवळचा शत्रू: न जाणता आलेली बेफिकिरी. खाली अक्षर माझं. ती म्हणाली, आजच्या गाडीने जा.
तटस्थ व्यक्ती म्हणून लिफ्टमन ठरला. पाच दिवस पुरेत. एक तारखेचं रिझर्व्हेशन केलं. बॅगेत शब्दार्थांची फेअर कॉपी, दादासाठी.

२९ जून, सकाळी ७.४०
पुतणीचा फोन. पहाटे गेला.

३० जून
पोचलो. या वेळी त्यांनी माझी वाट पाहिली होती. गाथा मी म्हणाव्यात, असं सगळे म्हणाले. ‘अनिच्चा’, सगळं अनित्य, इथपर्यंत आलो आणि आवाज फुटेना. पुढचं वहिनीने म्हटलं. तिला एकाही शब्दाचा अर्थ येत नाही. एकही शब्द चुकला नाही.

३ जुलै, सकाळी ६.१०
घरी. चौथ्याची पाळी आज होती. बसलो. दादाचा चेहरा आणला. काही केल्या मन लागेना. अट्ठकथा उघडली. मेलेल्या माणसावर मेत्ता करू नये, ती जमतच नाही. एका तरुण भिक्खूने आपल्या गुरूंवर खूप प्रयत्न केला. जमेना, कारण गुरू आधीच वारले होते.
हे सुरुवातीच्याच पानांवर आहे. मी दोन जूनला वाचलं होतं. शेजारी पेन्सिलीने बरोबरची खूण आहे.

पुन्हा पहिल्यापासून. अहं अवेरो होमि.
जमलं नाही.